पाच तिकिटं आणि एकही लोअर नाही: थिवी ते दादर, एका कुटुंबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

डिचोलीचं एक कुटुंब. मे महिन्यात दादरला भाचीचं लग्न होतं. जायचं होतं अण्णा (वय 74), माई (वय 69), त्यांचा मुलगा, सूनबाई, नऊ वर्षांचा नातू आणि चार वर्षांची नात यांना. खरी नावं देत नाही, बाकी सगळं घडलं तसं.

अण्णांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालेलं. चालतात ठीक, पण गुडघा नव्वद अंशाच्या फार पुढे वाकत नाही. शिडी चढणं म्हणजे अशक्यच. माईंना मधुमेह, त्यात रक्तदाबाची गोळी, त्यामुळे रात्रीतून तीनदा तरी उठावं लागतं. मुलगा सहा फुटांना थोडा कमी. सूनबाईंची झोप अशी की शेजारच्या खोलीत कुणी भांडं ठेवलं तरी जाग येते. नातू कुठेही झोपतो. नात आईला चिकटून झोपते आणि झोपेत गोल फिरते.

गावातल्या बऱ्याच जणांची रेल्वे तिकिटं माझ्या हातून होतात. हे तिकीट मात्र मुलाने स्वतःच काढलं होतं. मडगावहून संध्याकाळी सुटणारी आणि पहाटे मुंबईत पोचणारी गाडी, स्लीपर क्लास, चढायचं थिवीला. चार वर्षांच्या मुलीला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही, म्हणून एका पीएनआरवर पाच जण. नातवाला बर्थ हवा होता, म्हणून त्याचं भाडं पूर्ण.

अडचण

प्रवासाला एकोणीस दिवस असताना मुलगा तिकिटाचा प्रिंट घेऊन आला. "काका, सगळी कन्फर्म आहेत, पण आकडे बघा जरा."

डबा S5. अण्णा 18, माई 21, मुलगा 22, सूनबाई 19, नातू 24.

स्लीपरच्या डब्यात बर्थचे आकडे आठ-आठच्या गटात चालतात. जुन्या डब्यात असे नऊ गट असतात, म्हणजे 72 बर्थ. नव्या एलएचबी डब्यात दहा, म्हणजे 80. आकड्याला आठने भागायचं आणि बाकी बघायची. बाकी एक किंवा चार आली तर लोअर, दोन किंवा पाच आली तर मिडल, तीन किंवा सहा आली तर अप्पर. सात आली तर साइड लोअर, आणि बाकी शून्य उरली तर साइड अप्पर. 18 ला भागलं की बाकी दोन, म्हणजे मिडल. 21 ची पाच, तीही मिडल. 19 आणि 22 अप्पर, 24 साइड अप्पर. 17 ते 24 या एकाच गटातले पाच बर्थ मिळाले होते, आणि नेमके 17, 20 आणि 23, म्हणजे खालचे तिन्ही, दुसऱ्या कुणाचे होते.

मुलाचं म्हणणं रास्त होतं. वय भरलं होतं, अण्णा-माईंसमोर 'लोअर' हा पर्यायही निवडला होता, मग मिळाली का नाही? वय बघून संगणक आपणहून लोअर देतो हे खरं, पण त्या क्षणी शिल्लक असेल तरच. मे महिन्यातल्या कोकण रेल्वेच्या गाडीत सर्वसाधारण कोट्यातल्या लोअर एकोणीस दिवस आधीपर्यंत उरत नाहीत. 'लोअर' निवडणं ही नुसती पसंती आहे. ती पाळली गेली नाही तरी तिकीट निघतं आणि पैसे कापले जातात. किमान एक लोअर मिळाली तरच बुक करा, असा वेगळा पर्याय त्याच पानावर असतो. तो निवडला असता तर तिकीट निघालंच नसतं आणि तिथेच लक्षात आलं असतं. पण तो पर्याय पानाच्या खालच्या भागात असतो, आणि तिथपर्यंत पोचेतो माणूस पैसे भरायच्या घाईत असतो.

खरी चूक मात्र दुसरीच होती. स्लीपरच्या प्रत्येक डब्यात सहा-सात लोअर बर्थ ज्येष्ठांसाठी वेगळे राखलेले असतात. तिकीट काढताना कोट्याच्या यादीत ते `LOWER BERTH/SR.CITIZEN` या नावाने दिसतात. साठ किंवा त्याहून मोठे पुरुष आणि पंचेचाळीस किंवा त्याहून मोठ्या बायका यांना ते मिळतात. अट एकच, आणि तिथेच लोक अडतात: तिकिटावर असा एकच प्रवासी हवा, किंवा दोन, आणि दोघेही या वयात बसणारे. तिसरं माणूस आलं किंवा दोघांतला एक तरुण निघाला, की हा कोटा लागू होत नाही. आपल्याकडे सगळं कुटुंब एकत्र जातं म्हणून तिकीटही एकत्र काढतात. म्हाताऱ्यांची लोअर जाते ती अशी, एकत्र राहण्याच्या हौसेपायी.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय मुलाचाच होता. आहे तसं राहू दे, गाडीत कुणाला तरी विनंती करू. गाडीत माणसं चांगली असतात, हे मीही मानतो. पण 17 आणि 20 ज्यांचे आहेत ते कदाचित ज्येष्ठ कोट्यातलेच असतील, म्हणजे त्यांचेही गुडघे अण्णांच्याच वयाचे. शिवाय लोअरच्या बदल्यात आपण देणार काय? मिडल. हा सौदा कुणालाच नको असतो. मिडल हा डब्यातला सगळ्यात नावडता बर्थ. दिवसा तो पाठीसारखा दुमडलेला असतो आणि रात्री साखळीला अडकवून उघडावा लागतो. उघडला की खालच्याला ताठ बसता येत नाही आणि वरच्यालाही मान वाकवूनच आत शिरावं लागतं. गाडी सुटल्यावर लोअर रिकामी राहिली तर मिडल-अप्परवर आलेल्या ज्येष्ठांना ती देण्याची मुभा टीटीईंना आहे, पण लग्नसराईत लोअर रिकामी राहते कुठे?

दुसरा पर्याय वरच्या वर्गाचा. थ्री टियर एसीने हा प्रश्न सुटत नाही, कारण तिथेही तीनच मजले. टू टियरमध्ये मिडल नसतो, त्यामुळे लोअर मिळण्याची शक्यता वाढते आणि बसायलाही मोकळीक मिळते. पण पाच जणांचं टू टियरचं भाडं ऐकून अण्णा म्हणाले, "तेवढ्या पैशात नवरीला अंगठी होईल." विषय तिथेच संपला.

तिसरा पर्याय: पाचही तिकिटं रद्द करून सगळं नव्याने काढायचं. त्यात जोखीम होती, कारण सर्वसाधारण कोट्यात आता वेटिंग दिसत होतं.

चौथा पर्याय असा, की फक्त अण्णा आणि माईंचं तिकीट ज्येष्ठ कोट्यातून नवीन काढायचं आणि जुन्या पीएनआरवरून त्या दोघांनाच रद्द करायचं. पीएनआरमधून काही प्रवासी रद्द करून बाकीचे ठेवता येतात. स्लीपरला अठ्ठेचाळीस तासांपेक्षा आधी रद्द केलं तर माणशी 120 रुपये कापले जात होते. म्हणजे दोघांचे 240, वर बुकिंगचं किरकोळ शुल्क.

साइड लोअरचीही चर्चा झाली. ती माईंनी काढली. "खिडकीजवळची एकटीची जागा असते ती बरी, नाही का?" दिसते एकटीची, पण दिवसा साइड अप्परचा प्रवासीही तिथेच बसतो, आणि आरएसीवाले असतील तर एकाच बर्थवर दोघं अख्खी रात्र बसून काढतात. जुन्या डब्यांत दोन सीटच्या पाठी पाडून हा बर्थ होतो, त्यामुळे मधला सांधा नेमका कमरेखाली येतो. येणारा-जाणारा प्रत्येक जण उशाशी किंवा पायाशी घासून जातो. उंच माणसाला तर तिथे पायही सोडता येत नाहीत, कारण दोन्ही टोकांना पार्टिशन असतं. त्या मानाने आतल्या बर्थवर पाय निदान वाटेत तरी लोंबतात. माईंच्या बाजूने मात्र एक गोष्ट होती. साइड लोअरच्या वर मिडल नसतो. रात्री उठून बसायचं तर डोकं आपटत नाही. ज्यांना दम लागतो किंवा वारंवार उठावं लागतं, त्यांच्यासाठी साइड लोअर मी एकदम नाकारत नाही. इथे ज्येष्ठ कोट्यातली आतली लोअर मिळण्यासारखी होती, म्हणून ती घेतली.

(तिकिटावर SL दिसलं की गोंधळू नये. वर्गाच्या रकान्यात ते स्लीपर असतं, बर्थच्या पुढे साइड लोअर. एका गृहस्थांनी 'SL म्हणजे स्लीपरच ना' असं म्हणत रात्रभर दुसऱ्याच्या जागेवर पथारी टाकलेली मी बघितली आहे.)

काय केलं

ज्येष्ठ कोट्यात त्या तारखेला जागा शिल्लक दिसत होत्या. क्रम महत्त्वाचा होता: आधी नवीन तिकीट हातात येऊ द्यायचं, मग जुन्यातले दोघे रद्द करायचे. आम्ही तसंच केलं. अण्णा-माईंना S3 मध्ये 41 आणि 44 मिळाले. दोन्हीला आठने भागून बघा, बाकी एक आणि चार. एकाच गटातल्या समोरासमोरच्या लोअर. मुलाने लगेच घरी फोन लावला.

माझ्या हातून दोन गोष्टी सुटल्या, आणि दोन्ही रद्द करण्याचं बटण दाबल्यावर लक्षात आल्या.

एक म्हणजे डबा. बुकिंगच्या वेळी पसंतीचा डबा टाकायची जागा असते. मी ती रिकामी सोडली. तिथे S5 टाकलं असतं तर मिळालंच असतं अशी खात्री नाही, पण टाकायला काही लागत नव्हतं. आता म्हातारी माणसं S3 मध्ये आणि बाकी कुटुंब S5 मध्ये.

दुसरी चूक जास्त महागात पडली. घरचे लोक गाडीत जागा कशाही अदलाबदल करतात, म्हणून बर्थ कुणाच्या नावावर आहे हे आपण बघत नाही. पण रद्द होताना माणसाबरोबर त्याच्या नावचा बर्थही जातो. दोन्ही मिडल अण्णा-माईंच्या नावावर होत्या, त्या गेल्या. उरलं काय? 19, 22 आणि 24: दोन अप्पर आणि एक साइड अप्पर. चार वर्षांची, झोपेत गोल फिरणारी मुलगी आणि झोपायची जागा सगळी छताजवळ.

गाडीत

थिवीला गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते. प्लॅटफॉर्मवर डबा कुठे येतो ते आधी बघून सगळे S3 च्या जागी उभे राहिले. मुलाने आई-वडिलांना आणि मोठ्या बॅगा तिथेच चढवल्या. सूनबाई आणि मुलंही त्याच दारातून चढली आणि आतूनच चालत S5 ला गेली. दोन गट वेगवेगळ्या डब्यांपाशी उभे राहिले असते तर मुलाची धावपळ झाली असती.

S5 मध्ये 18 नंबरवर सावंतवाडीला एक पंचविशीतला मुलगा चढला. सूनबाईंनी त्याला विचारलं, "भाऊ, तुम्ही वरच्या 19 वर जाल का? छोटी आहे, वरून पडेल." तो म्हणाला, "काकी, मला वरच पाहिजे होती!" हे मला नवीन नव्हतं. गाडीत लोअर मागाल तर नकार येतो, पण अप्पर देऊन मिडल मागाल तर तरुण माणूस आनंदाने उठतो. अप्परवाल्याला संध्याकाळी सातलाही आडवं होता येतं, कुणाच्या जेवणाची वाट बघावी लागत नाही.

सूनबाई नातीला घेऊन 18 वर. मुलीला पाठीच्या बाजूला, आई वाटेच्या बाजूला, आणि साखळीतून एक ओढणी ओवलेली. नातू समोरच्या 24 वर, म्हणजे आईच्या नजरेसमोर. आपल्याला स्वतःची पेटी मिळाली म्हणून तो खूष.

S3 मधली अडचण वेगळी होती, आणि ती मला आधी सुचायला हवी होती. अण्णांना आठ वाजता आडवं व्हायचं असतं. बर्थ लोअर असली तरी रात्री दहापर्यंत ती तिघांची बसायची सीट असते. झोपायची वेळ दहा ते सहा. त्याआधी मिडल आणि अप्परच्या माणसांना खाली बसायचा हक्क आहे. अण्णांच्या वरचा 42 एका विद्यार्थ्याचा होता. तो आणि त्याचे दोन मित्र खाली बसून मोबाइलवर मॅच बघत होते. अण्णा खिडकीला टेकून गुडघा चोळत होते. लोअर मिळूनही नऊपर्यंत पाय पसरायला मिळाले नाहीत.

कुडाळ गेल्यावर मुलगा S5 मधून आला. त्याने त्या विद्यार्थ्याला आपला 22, म्हणजे S5 मधली अप्पर, देऊ केली. मित्र याच डब्यात होते म्हणून तो आधी कचरला. मग 'मॅच संपली की जातो' म्हणाला, आणि खरंच गेला. मुलाने हा बदल टीटीईंना सांगून ठेवला, नाहीतर रात्री तिकीट तपासताना दोघांनाही उठवलं गेलं असतं. 42 घरचाच झाल्यावर सगळं सोपं झालं. वडिलांना झोपायचं आहे म्हटल्यावर मुलाने मिडल उघडली, स्वतः वर गेला, आणि साडेनऊला अण्णा आडवे झाले. माईंच्या वरचा 45 दहालाच उघडला, पण त्यांना घाई नव्हती.

निकाल

माई रात्री तीनदा उठल्या. दर वेळी मिडलखालून वाकून बाहेर येताना एक हात वरच्या बर्थला धरून. एकदा डोकं आपटलंच. अण्णा झोपले, पण रत्नागिरी सोडल्यावर गाडी करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात शिरली तेव्हा उघड्या खिडकीतून असा आवाज आत आला की ते दचकून उठले. स्लीपरच्या लोअरवर खिडकी कानाशी असते. कोकण रेल्वेवर हलक्या झोपेच्या माणसाने झोपण्याआधी काच खाली ओढायला हवी, मे असला तरी.

सूनबाईंची रात्र सगळ्यात वाईट गेली. मिडलवर दोघींना अंग हलवायला जागा नाही, खालचे काका घोरणारे, आणि वाटेतून जाणाऱ्या प्रत्येकाची चप्पल कानात. पहाटे पनवेलला त्या उठून बसल्या त्या बसल्याच.

परतीचं तिकीट अजून काढायचं होतं. ते आम्ही सुरुवातीपासून दोन भागांत काढलं: अण्णा-माई ज्येष्ठ कोट्यात, बाकी तिघे वेगळ्या पीएनआरवर, आणि दुसऱ्या तिकिटाला पहिल्याचाच डबा पसंतीत टाकला. मिळालं असं: S4, अण्णा-माई 9 आणि 12, बाकीचे 26, 27, 29. म्हणजे दोन मिडल, एक अप्पर, आणि मध्ये फक्त एक गट.

27 ची अप्पर सूनबाईंना दिली. नात या वेळी बापाबरोबर 29 वर, नातू 26 वर. हलक्या झोपेला अप्पर बरी, कारण तिथे कुणी तुम्हाला घासून जात नाही आणि तुमच्यासाठी कुणाला थांबावं लागत नाही. डोकं वाटेकडे न करता भिंतीच्या बाजूला केलं की दिव्याचा त्रासही कमी होतो. पण छत तापलेलं असतं. रात्री अकरापर्यंत त्या घामाघूम होत्या. पंखा मात्र जवळ होता, आणि त्याच्या घरघरीत खालचं बोलणं बुडून गेलं. झोप पाच तास लागली. "घरी एवढी लागत नाही," असं त्यांनी थिवीला उतरल्यावर सांगितलं.

अण्णा-माईंचा 9 ते 16 हा डब्यातला दुसरा गट. माईंना संडास जवळ, म्हणून त्या समाधानी. अण्णांना मात्र दाराची धाडधाड रात्रभर ऐकू आली. पहिल्या गटात, 1 ते 8 मध्ये, हाल याहून वाईट असतात: दार, दिवा, वास आणि दारापाशी उभी राहिलेली माणसं. हलक्या झोपेच्या माणसाला डब्याच्या मधले गट बरे, आणि सारखं उठणाऱ्याला टोकापासून दुसरा. एकाच जोडप्यात दोन्ही गरजा असल्या तर एकाला मन मारावं लागतं, आणि आकडा आपल्याला निवडता येत नाही, म्हणून ते कोण हे नशिबावर.

आज पुन्हा करायचं तर

मुलाचं पहिलं तिकीट निघायच्या आधीच विचारणा झाली असती तर 240 रुपये वाचले असते, पण तो भाग किरकोळ. मी आता वेगळं करतो ते एवढंच. ज्येष्ठांचं तिकीट आधी काढतो आणि त्यांचा डबा कळल्यावर दुसरं. एखादा बर्थ रद्द करायचा असेल तर तो कुणाच्या नावावर आहे ते कागदावर लिहून बघतो. नव्याने बुक करतानाही लहान मुलाला घेऊन झोपणाऱ्या माणसाच्या नावापुढे मिडल टाकतो.

एक गोष्ट अजून जमलेली नाही. ज्येष्ठांच्या लोअरच्या वरची मिडल आपल्याच माणसाला मिळावी, म्हणजे अण्णांसारख्याला आठ वाजता आडवं होता येईल, अशी सोय बुकिंगमध्ये नाही. दोन पीएनआर, दोन कोटे, आणि जागा संगणक देईल तिथे. त्यामुळे घरच्या तरुण माणसासाठी मी जमल्यास अप्पर बघतो. गाडीत बदलून घ्यायला तीच उपयोगी पडते. नोव्हेंबरात अण्णा-माई पुन्हा दादरला जाणार आहेत, बारशाला. या वेळी मुलगा तिकीट काढायच्या आधीच आला होता.